भांडण मिटलं, पण त्याचा कागद कसा लिहू?

कागदीघोडा
मी एका छोट्या मशीनशॉपमध्ये एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही बघते. साठेक माणसं आहेत. कोल्हापूरच्या बाजूला, यापेक्षा जास्त सांगत नाही.

एकाच सीएनसी लेथवर आमचे दोन ऑपरेटर आहेत. पहिल्या पाळीत काका, वय ५२, हात अतिशय सफाईदार. दुसऱ्या पाळीत डिप्लोमा झालेला पोरगा, २७ वर्षांचा. पहिली पाळी साडेतीनला सुटते, दुसरी साडेतीनलाच लागते. तीन महिने दोघांत धुसफूस चालू होती. मशीन घाण ठेवलं, टूलचं सांगितलं नाही, असं काहीबाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या पाळीला एका शाफ्टचे १४ नग बाद झाले. दुसऱ्या दिवशी पोराने धातूच्या चिप्सने भरलेल्या मशीनचा फोटो शॉपच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि काकांनी येऊन सगळ्यांसमोर आवाज चढवला.

मी आधी दोघांशी वेगवेगळं बोलले, मग एकत्र बसवलं. पावणेदोन तास लागले, पण खरंच मिटलं. चहा एकत्र प्यायले. आता साहेब म्हणतात, लेखी काढ. मी हे लिहिलंय:

"दोघांमधील गैरसमजांवर चर्चा झाली. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने ऑफसेटची नोंद न केल्याचे मान्य केले. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने ग्रुपवर फोटो टाकल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. दोघांनाही समज देण्यात आली. यापुढे दोघेही एकमेकांशी आदराने वागतील व सहकार्य करतील. पुन्हा असा प्रकार घडल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल."

काकांना वाचून दाखवलं तर ते उठून गेले. "हे कवा ठरलं आपलं?" एवढंच म्हणाले. माझं काय चुकलं? दोघांनाही सारखंच तर लिहिलंय.

तिखटजाळ
चुकलं काय, तर फार मऊ लिहिलंय. दोघांकडून माफीनामा घ्या, फाइलला लावा, विषय संपला. आमच्या गोडाऊनला असंच करतात.

कागदीघोडा
अहो, भांडण मिटलंय. माफीनामा मागितला तर परत पेटेल.

टर्निंगवाला
१४ नग बाद कसे झाले ते सांगाल का? मला वाटतं भांडणाचं मूळ तिथंच आहे. बाहेरचा व्यास कमी आला होता का?

कागदीघोडा
हो. क्वालिटीवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाव दशांशाच्या आसपास काहीतरी. मला आकड्यातलं कळत नाही.

टर्निंगवाला
पाव दशांश म्हणजे मिलिमीटरच्या शंभरातले दोन-तीन भाग, तेवढ्याचाच खेळ असतो तिथं. मग मी न बघता सांगतो. टूलच्या टोकाचा कापणारा इन्सर्ट झिजत जातो तसा व्यास थोडाथोडा वाढतो. ऑपरेटर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या झिजेच्या भरपाईच्या आकड्यात, वजा टाकत टाकत माप धरून ठेवतो. काकांनी दिवसभरात समजा वजा तीन शतांश टाकले. पाळी संपली, कागदावर काही नाही. दुसऱ्याने आल्या आल्या नवीन इन्सर्ट बसवला, कारण जुना संपलेला दिसला. नवी धार, पण ऑफसेटमध्ये काकांचे वजा तीन तसेच. माल तेवढाच बारीक निघणार. व्यास जास्त आला तर परत कापता येतो, कमी आला तर भंगार. यात कुणीच वाईट माणूस नाही, पण पहिला नग मोजल्याशिवाय पुढचे तेरा कसे काढले, हा प्रश्न त्या पोराला विचारायलाच पाहिजे.

आबा_निवृत्त
विचारा, पण या कागदात नको. कागदीघोडाबाई, मी तीस वर्षं कारखान्यात कार्मिक खात्यात काढली, आणि तुमच्या मसुद्यासारखे मसुदे स्वतः लिहिलेत. म्हणून सांगतो, रागावू नका.

आधी कागद वेगळे करा. १४ नग का बाद झाले त्याचा रिजेक्शन रिपोर्ट असतो, तो क्वालिटीचा. तिथं कारण शोधायचं, पहिला नग, मोजमाप, सगळं. तुमच्या हातातला कागद हा, या दोघांनी उद्यापासून काय करायचं ठरवलं, एवढ्यापुरता. बाद होण्याचं कारण या कागदात आलं की त्या कारणाचा धनी शोधला जातो आणि तुमची पावणेदोन तासांची मेहनत वाया जाते.

आता तुमची भाषा. तुम्ही सारखंच लिहिलं नाही. "मान्य केले" बघा. आपल्याकडे मान्य करणं म्हणजे एखादी गोष्ट पटणं, आणि मान्य करणं म्हणजे गुन्हा कबूल करणंही. बैठकीत काकांनी पहिल्या अर्थाने मान डोलावली असेल. कागदावर दुसरा अर्थ उरला. उद्या काही झालं आणि खातेनिहाय चौकशी लागली तर हाच कागद कुणीतरी पुढे करेल, की यांनी आधीच कबुली दिलेली आहे. काका उठून गेले ते बरोबर गेले.

"समज देण्यात आली" हे तर शिक्षेचंच वाक्य आहे. समजपत्र नावाचा कागद तुमच्याकडे असेलच. तुम्ही मध्यस्थ म्हणून बसला होतात, वाक्य साहेबाचं लिहिलंत.

आणि "गैरसमज". हा शब्द सगळ्यांना निरुपद्रवी वाटतो. ज्याचे १४ नग बाद झाले त्याला तो शब्द सांगतो की तुझी तक्रार खरी नव्हतीच, तुला चुकीचं कळलं होतं. त्यापेक्षा "पाळी बदलताना मशीनची माहिती देणे-घेणे याबद्दल बोलणं झालं" असं लिहा. विषय लिहा, विषयाची किंमत ठरवू नका.

कागदीघोडा
बाप रे. "समज" मी समजूत या अर्थाने लिहिलं होतं.

आबा_निवृत्त
तुम्ही कुठल्या अर्थाने लिहिलं ते फाइलला माहीत नसतं.

फळा_खडू
आमच्या शाळेत दोन बाईंचं वेळापत्रकावरून वाजलं होतं. मुख्याध्यापकांनी मिटवलं, छान टिपण केलं, आणि ते शिक्षकसभेत सगळ्यांना वाचून दाखवलं. का, तर "बाकीच्यांनाही बोध व्हावा". तेव्हापासून त्या दोघी एका गोष्टीवर मात्र एकमताने आहेत, मुख्याध्यापकांशी बोलत नाहीत. तर कागद कुणाकुणाला जाणार ते आधी ठरवा, हे माझं पदरचं.

कायदाबघा
एक महत्त्वाचं राहतंय. २०२३ साली मध्यस्थीचा कायदा आला आहे. मध्यस्थीतला करार लिहून सही झाली की तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक ठरतो. त्यामुळे सह्या घ्याच, आणि स्टँपपेपरवर घेतलं तर उत्तम. शिवाय मध्यस्थीत बोललेलं गोपनीय असतं.

आबा_निवृत्त
गोपनीयतेचं बोललात ते सोळा आणे. बाकीचं इथं लागू करू नका. तो कायदा कायदेशीर वादांसाठी, रीतसर नेमलेल्या मध्यस्थापुढे चालणाऱ्या मध्यस्थीसाठी आहे. मशीन पुसून ठेवायचं की नाही याचा हुकूमनामा कुठलं कोर्ट बजावणार? इथं कंपनीचीच बाई मध्ये बसली होती. स्टँपपेपर बघून तो पोरगा दुसऱ्या दिवशी नोकरी शोधायला लागेल.

कायदाबघा
लागू होत नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. पण स्टँपपेपरचं मागे घेतो.

ओळखपाळख
मला एक शंका. वाद असा नुसता पाळीचा नसेल, एखाद्या बाईला त्रास दिल्याचा असेल, तर असं बसवून मिटवायचं का?

आबा_निवृत्त
नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जायचं. तिथंही समेट करायचा तर तो तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या बोलीवर नाही. जातीवरून बोलणं, मारहाण, हेही चहा पाजून मिटवायचे विषय नव्हेत. वाद दोन बरोबरीच्या माणसांचा आणि कामाच्या पद्धतीवरून असेल तरच हा कागद.

तिखटजाळ
ते सगळं ठीक, पण चूक कुणाची हे लिहायचंच नाही तर कागद कशाला? नुसता नवस बोलल्यासारखं होईल.

आबा_निवृत्त
हा प्रश्न चांगला आहे. दोष टाळायचा म्हणून लोक सगळं कर्मणीत लिहितात. "नोंद ठेवली जाईल", "स्वच्छता राखण्यात येईल". कोण ठेवणार? कोण राखणार? कुणीच नाही. मग महिन्याने दोघेही म्हणतात, मला वाटलं तो करेल. मागच्या गोष्टीतला कर्ता काढायचा असतो, लोक पुढच्या गोष्टीतलाही काढून टाकतात. तुमच्या मसुद्यात तर नेमकं उलट झालंय. झालेल्या गोष्टीला माणूस आहे, "अमक्याने नोंद केली नाही". आणि होणाऱ्या गोष्टीत नुसतं "आदराने वागतील". आदर कधी कुणी मोजलाय? कुणी, कधी, कुठे, काय करायचं हे लिहा, म्हणजे नवस राहत नाही.

एक करा. दोघांना वेगवेगळं विचारा, "समोरचा आदराने वागतोय हे तुम्हाला कशावरून कळेल?" उत्तर जे येईल ते त्यांच्याच शब्दांत घ्या.

कागदीघोडा
विचारून आले. उत्तरं ऐकून मीच गप्प झाले.

काका म्हणाले, काही दिसलं तर मला येऊन सांग, चारचौघांत नको. बस्स. पोरगा म्हणाला, मला नावाने हाक मारा. काका त्याला तीन महिने "ए डिप्लोमा" म्हणत होते, हे मला माहीतच नव्हतं. पावणेदोन तासांच्या बैठकीतही तो बोलला नव्हता.

आणि एक तिसरीच गोष्ट कळली. काका पाळी संपल्यावर थांबत का नाहीत? कंपनीची बस ३:३५ ला सुटते. हात धुवून, कार्ड मारून गेटवर पोचायचं तर साडेतीनलाच मशीन सोडावं लागतं. बस चुकली तर त्यांना दोन एस.टी. बदलून घरी जावं लागतं.

टर्निंगवाला
घ्या. आणि आपण इथं काकांना शिस्त शिकवत बसलो होतो. आमच्याकडे दोन पाळ्या दहा मिनिटं एकमेकींवर चढवल्यात. ते नसेल तर कागदावर कितीही लिहा, हँडओव्हर होणारच नाही.

आबा_निवृत्त
हे सापडलं म्हणून बरं झालं. आता कागदात दोघांबरोबर तिसरा कर्ताही घाला, कंपनी. कंपनीने बस ३:४५ ला सोडायची, कोणत्या तारखेपासून, आणि ते कोण करून घेणार. ज्या कागदात फक्त भांडणाऱ्यांनीच काहीतरी करायचं असतं आणि साहेबांनी काहीच नाही, तो कागद दोघांनाही शिक्षाच वाटतो.

आणखी एक बारीक गोष्ट. तुम्ही सुरुवातीपासून एकाला "काका, हात सफाईदार" म्हणताय आणि दुसऱ्याला "पोरगा". मीही तुमच्यामागून "तो पोरगा" म्हणत गेलो. कागदात दोघांची पूर्ण नावं, दोघांना "श्री.", आणि क्रम लावायचा तर आडनावाच्या अक्षराप्रमाणे.

फळा_खडू
मलाही ते खटकलं होतं, पण म्हटलं मास्तरकी नको.

कागदीघोडा
कान धरले. हा दुसरा मसुदा. नावांऐवजी इथं पहिली पाळी, दुसरी पाळी लिहिते.

"पाळी बदलताना मशीनची माहिती देणे-घेणे आणि त्याबद्दलच्या अडचणी एकमेकांना सांगणे, या विषयावर दोघांचे बोलणे झाले. दोघांनी मिळून पुढील गोष्टी ठरवल्या.

पाळी सोडणारे ऑपरेटर मशीनजवळच्या वहीत तीन गोष्टी लिहितील: कोणत्या टूलला किती वेअर ऑफसेट आहे, इन्सर्टची धार कधी बदलली, आणि शेवटच्या नगाचे माप. पाळी घेणारे ऑपरेटर ती नोंद वाचून खाली सही करतील. इन्सर्ट बदलल्यावर बदलणारे ऑपरेटर त्या टूलचा वेअर ऑफसेट तपासतील आणि पहिला नग मोजून माप वहीत लिहितील. हे दोन्ही पाळ्यांना लागू आहे.

पाळी सोडण्यापूर्वी चिप ट्रे रिकामा केला जाईल. वेळ न मिळाल्यास तसे वहीत लिहिले जाईल.

मशीनबद्दल काही सांगायचे असल्यास दोघे एकमेकांना समक्ष किंवा फोनवर सांगतील. दोघांत न सुटल्यास दोघे मिळून शिफ्ट इंचार्जकडे जातील. शॉपमध्ये एकमेकांना नावाने आणि अहो-जाहोने बोलतील.

कंपनी पहिल्या पाळीची बस सोमवारपासून ३:४५ ला सोडेल. याची जबाबदारी अ‍ॅडमिनकडे.

दोन आठवड्यांनी आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी अ‍ॅडमिन दोघांशी प्रत्येकी पंधरा मिनिटे स्वतंत्र बोलेल. ठरलेल्यापैकी काही जमत नसेल तर ते बदलता येईल. हा कागद दोघांकडे व अ‍ॅडमिनकडे राहील. वैयक्तिक फाइलला लावला जाणार नाही."

आबा_निवृत्त
जमलंय. चिप ट्रेच्या वाक्यात परत "केला जाईल" आलं. ट्रे कोण रिकामा करणार? "पाळी सोडणारे ऑपरेटर" लिहा.

"यापुढे" आणि "पुन्हा" हे दोन्ही शब्द गेले, छान झालं. ते शब्द हळूच सांगतात की याआधी झालं होतं. फोटोचा आणि "डिप्लोमा"चा उल्लेख न करता दोन्ही गोष्टी आत आल्या, याला म्हणतात लिहिणं. आणि कारवाईची धमकी गेली. कारवाईचे नियम कंपनीकडे आहेतच, ते कुठं जात नाहीत.

दोन आठवड्यांनी भेटाल तेव्हा "आता कसं चाललंय" असं विचारू नका. "बरं चाललंय" असंच उत्तर मिळतं. वही घेऊन बसा. गेल्या चोवीस पाळ्यांत नोंद किती वेळा झाली, किती वेळा राहिली, राहिली त्या दिवशी काय झालं होतं, एवढंच विचारा. आणि शेवटी, कागदातलं कोणतं वाक्य त्रास देतंय, हे.

तिखटजाळ
ती वहीच उद्या पुराव्याला काढतील. अमुक पाळीला सही नाही म्हणून.

टर्निंगवाला
वही प्रॉडक्शनची आहे, ती निघणारच. त्याला इलाज नाही.

आबा_निवृत्त
इथं मलाही ठाम सांगता येत नाही. वहीत फक्त मापं ठेवा, "याने केलं नाही" असं कुणी लिहायचं नाही, एवढं करता येईल.

ओळखपाळख
पण दिलगिरीचं काय? फोटो टाकल्याबद्दल त्याने माफी मागितली होती ना? ती कागदात नसेल तर काकांच्या पदरात काय पडलं?

आबा_निवृत्त
माफी काकांना दिली, फाइलला नाही. काकांना ती मिळालेली आहे.

ओळखपाळख
मला पटत नाही. फोटो साठ जणांनी पाहिला, माफी एकट्या काकांनी ऐकली. हिशोब बरोबर नाही.

फळा_खडू
याच्याशी मी सहमत. पण मग ग्रुपवर माफी टाकायला लावली तर परत त्याच चौकात आलो.

कागदीघोडा
हे मी दोघांना विचारलं नाही अजून. विचारते.

*(तीन आठवड्यांनी)*

कागदीघोडा
धागा वर काढते, कारण काहींनी निरोपात विचारलं.

दुसरा मसुदा दोघांना स्वतंत्र वाचून दाखवला. पहिल्या पाळीच्या दादांनी (काका म्हणणं सोडलंय, जीभ वळत नाही पण) सही करायला नकार दिला. "सही म्हंजे गुन्हा कबूल," म्हणाले. आबांचं आठवलं, मग सहीचा हट्ट सोडला. दोघांनी एकेक प्रत घेतली आणि मी माझ्या प्रतीवर फक्त "दोघांनी वाचले, प्रत घेतली" आणि तारीख लिहिली. साहेबांना प्रत दिली नाही, बैठक झाली आणि पुढची भेट कधी एवढंच कळवलं. ते नाराज आहेत. बघू.

माफीचं विचारलं. दादा म्हणाले, ग्रुपवर काही नको, फोटो तेवढा काढ. त्याने त्याच दिवशी काढायला घेतला, पण सगळ्यांच्या फोनवरून काढायची मुदत उलटून गेली होती. आधी का सुचलं नाही देव जाणे.

दोन आठवड्यांची भेट झाली. चोवीस पाळ्यांत एकवीस वेळा पूर्ण नोंद. तीन राहिल्या, तिन्ही पहिल्या चार दिवसांतल्या आणि तिन्ही पहिल्या पाळीच्या. दादांना विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? ते म्हणाले, बस. सोमवारपासून ३:४५ लिहिलं होतं ना, ती गुरुवारपर्यंत ३:३५ लाच सुटत होती. ट्रान्सपोर्टवाल्याला मेल पाठवायचा माझ्याकडून राहिला होता.

टर्निंगवाला
म्हणजे कागदातला तिसरा कर्ता चुकला.

कागदीघोडा
हो. आणि दोघांपैकी कुणी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला नाही.

तिखटजाळ
तुमच्याकडून माफीनामा घेतला की नाही साहेबांनी?